एका अक्षरावर माझा जीव

मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं आणि उधन्यातल्या आमच्या घरी चहा पिता पिता मला माझ्याच निधनाची वार्ता समजली. निमंत्रकांत माझं नाव होतं आणि त्याखाली बायकोचं, 'श्रीमती' लावून.

मी तसाच प्रेसवर गेलो. प्रेसवाल्याने 'सौ.' खोडून मोठ्या अदबीने 'श्रीमती' केलं होतं. "काका, भूल नथी. श्रीमती एटले परणेली," तो म्हणाला. त्याचंही बरोबर. गुजरातीत आणि हिंदीत श्रीमतीचा नवरा ठणठणीत असतो. मराठीत मात्र नवरा आहे तोवर 'सौ.', तो गेला की 'श्रीमती'. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. म्हणजे त्या फलाटावर माझी बायको एका टोकाला सवाष्ण आणि दुसऱ्या टोकाला विधवा!

पुढे नवरीचं नाव. 'चि. सौ. कां.', म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. गुजराती खिळ्यांत कुठे तरी अनुस्वार हरवला आणि छापून आलं, 'चि. सौ. का'. मुलगी म्हणाली, "बाबा, हा प्रश्न आहे का? कारण अजून तरी उत्तर 'नाही' असंच आहे." तिची डॉक्टर मावशी चाळिशीची, अविवाहित. तिला 'कु.' लावलं तर ती शाळेच्या गॅदरिंगला बक्षीस घ्यायला चालल्यासारखी वाटते.

शेवटी आत्या. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. प्रेसवाल्याने विचारलं, "तो पछी गं. स्व. लखुं?" गंगास्वरूप हा गुजराती पत्रिकांतला विधवेचा मान. आपल्याकडेही जुन्या पत्रांत 'गं. भा.' असायचं. विधवेऐवजी गंगा भागीरथी म्हणावं, अशी टूम 2023 मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास खात्यात निघाली होती. टीका झाली आणि ती बारगळली. मी फोनवर आत्याला विचारलं. जन्म भुसावळचा, संसार सुरतेचा. ती म्हणाली, "माले गंगा नको. आपली तापी शे ना!" मग जरा थांबून, "तुझ्या मामाची बायको जाऊन दहा वर्षं झाली. तो अजून 'श्री.'च ना?"

यावर मला उत्तर सुचेना. बाई कुमारिका की सवाष्ण की विधवा, हे पाकिटावरच सांगायचं. पुरुष मात्र एकदा 'चि.'चा 'श्री.' झाला की थेट 'कै.' होईपर्यंत कुणाला काही सांगणं लागत नाही.

मी सगळ्यांच्या नावांपुढची अक्षरं काढायला लावली, माझं 'श्री.'सुद्धा. पत्रिका सुटसुटीत झाली. गावोगाव रवाना झाली.

चौथ्या दिवशी अमळनेरहून मामांचा फोन. आवाज दबका.

"काय रे, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत. का हो?"

"काही नाही. सूनबाईच्या नावापुढे 'सौ.' दिसलं नाही, म्हणून म्हटलं, विचारावं."