उतारेवाले गुरुजी

जिल्हा परिषद शाळांच्या प्रत्येक केंद्रात असा एक गुरुजी असतो. चौथीच्या घटक चाचणीत भाषेचा उतारा काढायचा असला की केंद्रातल्या सगळ्या शाळा त्याच्याकडे बोट दाखवतात. तोही 'छे हो, मला कुठं वेळ' म्हणत त्याच संध्याकाळी कागद घेऊन बसतो. खिशात पेन दोन. निळ्याने उतारा लिहायचा आणि लालने स्वतःचाच खोडायचा.

उतारा बोधकथेचाच असतो, कारण चौथीच्या पोरांना प्राणी बोललेले चालतात. आमच्या गुरुजींनी या खेपेला पंचतंत्रातलं कासव घेतलं. कंबुग्रीव नावाचं हे कासव, संकट आणि विकट या त्याच्या दोन हंस मित्रांनी काठीवरून उडवत नेलं, लोकांचा गलबला ऐकून त्याने तोंड उघडलं आणि ते खाली पडलं. पहिल्या खर्ड्यात 'कासवाने काठी दातांत धरली' असं वाक्य होतं. मग कासवाला दात नसतात हे आठवून 'तोंडात' झालं. लाल पेन सुटलं की असं शास्त्रसुद्धा तपासतं.

खरी अडचण वेगळीच होती. ही गोष्ट पोरांनी आजीकडून ऐकलेली. 'कासव का पडले?' याचं उत्तर उताऱ्याकडे ढुंकूनही न बघता देता येतं, म्हणजे तो प्रश्न वाचनाचा नाहीच, स्मरणाचा आहे. ते ओळखायची गुरुजींची युक्ती सोपी. उतारा लपवायचा आणि नुसते प्रश्न स्वयंपाकघरात जाऊन विचारायचे. बरोबर उत्तर आलं की प्रश्न बाद.

"हसणाऱ्या लोकांकडे लक्ष देऊ नकोस, असं हंसांनी उडताना कासवाला का बजावलं नाही?"

काकूंनी तव्यावरची पोळी उलटली. "चोचीत काठी होती ना त्यांच्या! बोलले असते तर सुटली नसती?"

गुरुजींचा चेहरा पडला. एवढा झकास अनुमानाचा प्रश्न, पण उत्तर गोष्टीतच ठरलेलं. खोडला.

"बरं, हे कोणत्या ऋतूत घडलं असेल?"

"तळं आटलं म्हणजे उन्हाळाच की!"

हाही गेला. पण इथे गुरुजी अडून बसले आणि रात्री त्यांनी उताराच बदलला:

'त्या वर्षी पावसाने दडी मारली होती. दिवाळी होऊन महिना उलटला तोवर तळ्याच्या तळाला भेगा पडल्या. एका भेगेत कासवाचा अख्खा पाय जाई. संध्याकाळी हंस त्याला घेऊन उडाले. खाली शेतात मुले शेकोटीभोवती हुरडा खात होती. ती ओरडली, "ते बघा उडतं कासव!"'

सकाळी प्रश्न पुन्हा स्वयंपाकघरात गेला, उताऱ्याशिवाय. "सांगितलं ना, उन्हाळा!" काकू म्हणाल्या. बायकोचं उत्तर चुकलं म्हणून टाळी वाजवणारा नवरा त्या गल्लीने पहिल्यांदाच पाहिला. आता उत्तर हिवाळा होतं आणि ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. दिवाळी, शेकोटी आणि हुरडा या तिन्ही खुणा जोडल्याशिवाय ते हाती लागणार नव्हतं.

मग शब्दार्थांचा घोळ. 'दडी मारणे'चा अर्थ द्यायचा, तो मुलांना अडेल. 'भेगा'चा द्यायचा नाही, कारण पुढचंच वाक्य तो उलगडून दाखवतं. पण हुरडा? ज्या पोराने हुरडा पाहिलेला नाही, त्याचं उत्तर चुकलं तर दोष वाचनाचा नव्हे. म्हणून अर्थ द्यायलाच हवा. गुरुजींनी लिहिलं, 'हुरडा : थंडीत भाजून खातात ते ज्वारीचे कोवळे दाणे.' मग कपाळावर हात मारून 'थंडीत' खोडलं. सगळा प्रश्न त्या एका शब्दात फुटला असता.

प्रश्नाखाली एक ओळ मात्र ते कधीच सोडत नाहीत : 'कोणत्या शब्दांवरून ओळखलेस? त्यांखाली रेघ मार.' नुसत्या 'हिवाळा'ला एक गुण, रेघेला दुसरा. एकाने 'उन्हाळा' लिहून 'तळाला भेगा' खाली रेघ मारली. उत्तर चूक, तरी गुरुजींनी त्याला जवळ बोलावून पुढची तीन वाक्यं वाचायला लावली. पोरगं वाचत होतं, पण पहिली खूण सापडताच थांबत होतं. नुसती फुली मारली असती तर हे कळलंच नसतं.

तात्पर्य विचारणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. 'नको तिथे बोलू नये' हे पोरांना पाठच असतं, त्याला उतारा कशाला हवा, म्हणतात.

पुढच्या चाचणीला माकड आणि मगर आहे. काकूंना ती गोष्टही तोंडपाठ. पंचतंत्र अजिबात न ऐकलेला कुणी शेजारी तुमच्या ओळखीत असेल तर गुरुजींना जरूर कळवा.