हमी नेमकी कोणाला?

मा. व्यवस्थापक यांस,

आपल्या माणसाने आमच्या स्वयंपाकघरात पेस्ट कंट्रोल केले, त्याला महिना होण्याच्या आतच झुरळे ओट्यावर हजर झाली. सगळी इवलीशी, बिनपंखांची. म्हणजे बाहेरची पाहुणी नव्हेत, इथेच जन्मलेली.

त्याने आधी कपाटांच्या बिजागऱ्यांत जेलचे ठिपके लावले आणि मग उरलेल्या उत्साहात त्यांच्यावरच फवारा मारला. जेल हे आमिष असते. झुरळाने ते खावे, फटीत जाऊन मरावे आणि त्याची विष्ठा व प्रेत खाऊन भाऊबंदांनीही मरावे, अशी ती योजना. फवारलेल्या ठिपक्यांना झुरळांनी तोंडच लावले नाही. जेवणाचे आमंत्रण देऊन दारात कुत्रा सोडावा, तसे झाले.

राहिली अंडी. या छोट्या तपकिरी जर्मन झुरळाची मादी ३०-४० अंड्यांची कुपी पिल्ले निघायच्या वेळेपर्यंत अंगाला चिकटवून हिंडते. कुपीत औषध सहसा पोहोचत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी लागते. ‘ती पॅकेजमध्ये बसत नाही,’ असे फोनवर कळले. पावतीवर मात्र वर्षभराची हमी छापली आहे. ती बहुधा झुरळांना दिली असावी.

तरी सिंकखाली व फ्रिजच्या मोटरपाशी चिकट सापळे लावावेत, झुरळे कुठे जास्त आहेत ते पाहावे आणि तिथेच ताजे जेल लावावे. फवारा कृपया ऑफिसातच ठेवून यावे.

कळावे,
आपला (आणि त्यांचाही) यजमान