पॅक फोडा, खिसा फाडा

सप्टेंबर उजाडला की फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती बाजारात येते आणि पोरं आईबापांच्या मागे लागतात. २०२३ मध्ये ‘फिफा’ हे नाव जाऊन ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ आलं, पण दरवर्षी पूर्ण पैसे मोजायची रीत काही गेली नाही.

नवं काय, हे विचारायचं नसतं. निन्टेन्डो स्विचवर तर ईएने ‘फिफा २०’ ते ‘फिफा २३’ अशी चार वर्षं ‘लेगसी एडिशन’ खपवली. खेळ तोच, संघ आणि जर्सी तेवढ्या ताज्या. निदान लाज सोडून सांगितलं तरी!

पण डिस्क हे नुसतं दाराचं तिकीट. खरी जत्रा आत, ‘अल्टिमेट टीम’मध्ये. खेळाडूंची कार्डं जमवायची, संघ बांधायचा आणि कार्डांसाठी पॅक फोडायचे. पॅक खेळून मिळवलेल्या कॉइन्सवर मिळतो, नाहीतर रोख पैसे देऊन घेतलेल्या पॉइंट्सवर. आपल्या सगळ्या खेळांतल्या या मोडमधून ईएने २०२०-२१ या आर्थिक वर्षात १६२ कोटी डॉलर कमावले. कंपनीच्या एकूण उत्पन्नाचा हा २९ टक्के वाटा.

पॅकवर मोठ्या कार्डाची शक्यता ‘१ टक्क्याहून कमी’ एवढीच छापलेली असते. समजा ती अगदी १ टक्का धरली, तरी शंभर पॅक फोडून ३७ टक्के लोक हात हलवत परततात. आणि ती ०.१ टक्का असेल, तर शंभरातले नव्वद. यातलं खरं कोणतं, ते छापलेल्या आकड्यावरून कळत नाही.

बरं, कार्ड लागलंच, तर ते टिकतं किती? जानेवारीत त्याच खेळाडूचं ‘टीम ऑफ द इयर’ कार्ड येतं, हंगामाच्या शेवटी ‘टीम ऑफ द सीझन’. ऑक्टोबरात घेतलेला तुमचा हिरो मे महिन्यात बाकावर. सप्टेंबरात नवा गेम आला की अख्खा संघ मागे राहतो आणि पाटी पुन्हा कोरी.

बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये पैसे देऊन पॅक फोडण्याला सरळ जुगार म्हटलं. जानेवारी २०१९ अखेर ईएने तिथे पॉइंट्स विकणं थांबवलं. नेदरलँड्समध्ये मात्र याच पॅकसाठी ईएला ठोठावलेला दंड २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला. म्हणजे कायदा तुमचा खिसा राखेलच, या भरवशावर राहू नका.

मग गेम घ्यायचा की नाही? सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला ‘एफसी २४’ मे २०२४ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या सदस्यांना वर्गणीतच मिळाला. करिअर मोड खेळणाऱ्याने उन्हाळ्यापर्यंत थांबावं आणि दोन-तीन वर्षांतून एकदाच घ्यावा. दर आठवड्याला मित्रांशी ऑनलाइन भिडणाऱ्याला नवा गेम परवडेलही. पॉइंट्स मात्र कुणालाच परवडत नाहीत. पोराच्या कन्सोलमधून तुमचं क्रेडिट कार्ड आजच काढून टाका.