उपसा

प्रत्येक हॉस्टेलात असा एकजण असतोच. विष्णुपुरीच्या आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात त्याला सगळे 'उपसा' म्हणायचे. इथं शंकरसागरातलं गोदावरीचं पाणी पंपानं उचलून कालव्यात टाकतात. पंप बंद की कालवा कोरडा. गड्याचं प्रेमही त्याच योजनेतलं.

मुलगी डॉ. शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेजची. तेही विष्णुपुरीतच, म्हणजे अंतराची सबब नव्हती. सकाळी ह्याचं 'गुड मॉर्निंग', दुपारी 'जेवलीस का?', रात्री सूर्यास्ताचा फोटो. तिकडून दुसऱ्या दिवशी 'हम्म'. तो 'हम्म' घेऊन हा खोलीखोलीतून फिरायचा.

"बरं, पुढं काय म्हणली?"

"बिझी असल की."

एकदा त्याचा मोबाईल घेऊन मी महिन्याभराचं चॅट वर सरकवत गेलो. उजवीकडं नुसतं हिरवंगार, डावीकडं मधूनच एखादा पांढरा ठिपका. उशिरा उत्तर येणं हा काही पुरावा नव्हे. वॉर्डात रात्र काढलेली पोरगी सकाळी मोबाईल बघेल की झोपेल? पण तिच्या एकाही ओळीला प्रश्नचिन्ह नव्हतं. ह्याचा पेपर कसा गेला, गाव कोणतं, काही म्हणता काही विचारलेलं नाही.

त्यानं चहाला बोलावलं की 'आज नाही जमणार'. शेजारच्या खोलीतल्या सिव्हिलवाल्यालाही त्याची मैत्रीण नाहीच म्हणायची, पण पुढं 'गुरुवारी चारला सुटते, तेव्हा ये' असं जोडून. सगळी मेख त्या गुरुवारात आहे. उपशाच्या नकाराला कधी वारच नसायचा.

"चार दिवस तू काहीच पाठवू नको, मग बघ," मी म्हणालो. चार दिवस त्यानं कसेबसे काढले. कालवा कोरडा.

"बिझी असल की."

शेवटी तिनंच सरळ सांगितलं, माझ्या मनात तसं काही नाही. आणि इथं मात्र पोराला मानावं लागेल. त्या दिवसापासून एक मेसेज नाही, तिच्या कॉलेजवरून फेरी नाही, आणि तिच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर हा अंगावर धावून जायचा. शहाण्यासुरत्या पोरांनाही एवढं जमत नाही.

मोबाईल हातात होता तेव्हा खालचं चॅटही दिसलं होतं. प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या मुलीचं. 'ताप उतरला का?' 'व्हायव्हा कसा झाला?' 'रविवारी रात्री मेस बंद ना, धपाटे आणू का?' डावीकडं प्रश्नचिन्हांची रांग लागलेली, आणि उजवीकडं ह्याचं एकुलतं एक 'हम्म'.

"हे काय रे?"

"अरे, बिझी होतो तेव्हा."

पुढं त्या मुलीला लातूरला नोकरी लागली. ती गेल्यावर ह्याच्या डोक्यात उजेड पडला. आता हा रोज सकाळी तिला गुड मॉर्निंग पाठवतो. परवा भेटला तेव्हा विचारलं, काय म्हणते?

"बिझी असल की."