पूर्वेस नजरचूक, पश्चिमेस रस्ता

चूक दुरुस्ती पत्र म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखतातली चूक नोंदणी करूनच दुरुस्त करण्याचा दस्त. खरेदीखत एकदा नोंदले गेले की त्यातले अक्षर कोणी खोडू शकत नाही. दुय्यम निबंधकही नाही आणि ज्याने ते टंकले तो दस्तलेखक तर नाहीच. मूळ दस्त चुकीसकट जन्मभर तसाच राहतो. त्याच्या शेजारी दुसरा दस्त उभा करून पहिला चुकला होता एवढे जाहीर करता येते. क्षेत्र, चतुःसीमा आणि नाव ही चुकीची तीन मान्यताप्राप्त ठिकाणे आहेत. त्यांत चतुःसीमा सर्वांत रसाळ, कारण तिथे चूक करायला चार दिशा उपलब्ध असतात.

शहरातले घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे आणि तिथे पूर्वी कोण राहत होते, आता कोण राहते, असे वर्णन दस्तात असावे ही 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 21 ची अपेक्षा. औरंगपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत ती फार निष्ठेने पाळली जाते. इतकी, की उत्तरेचा शेजारी वारून पंचवीस वर्षे झाली तरी प्रत्येक नव्या खरेदीखतात तो उत्तरेलाच राहत असतो. त्याच्या घराचे दुकान झाले, दुकानाची तीन मजली इमारत झाली, तरी सीमेवरचा पहारा त्याने सोडलेला नाही. दस्तलेखकाने जागेवर जायचे नसते. जुन्या दस्ताची फाइल उघडायची, घेणाऱ्या-देणाऱ्यांची नावे बदलायची आणि चतुःसीमा आहे तशी राहू द्यायची, हा व्यवसायाचा शिरस्ता.

समजा, औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत पूर्वाभिमुख घर आहे. पूर्वेस गल्लीचा रस्ता, पश्चिमेस शेजाऱ्याची भिंत. 2011 साली त्याचे खरेदीखत झाले आणि त्यात छापले गेले, ‘पूर्वेस शेजाऱ्याचे घर, पश्चिमेस रस्ता’. बहुधा आधीच्या आठवड्यात त्याच संगणकावर समोरच्या घराचा दस्त झाला असावा. आता ज्याच्या पश्चिमेस रस्ता आहे असे घर गल्लीत आहेच, पण ते समोरच्या ओळीत. म्हणजे सगळे पैसे मोजून, संपूर्ण मुद्रांक भरून, दोन साक्षीदार उभे करून आणि अंगठा यंत्रावर टेकवून खरेदीदाराने चतुःसीमेपुरते समोरच्याचे घर विकत घेतले. समोरचा मात्र तिथे निवांत राहतो आहे, त्याला या सौद्याची गंधवार्ता नाही. चतुःसीमा खरी मानायची तर खरेदीदाराने संध्याकाळी भाजी घेऊन समोरच्या घरात शिरावे, तिथल्या माणसांना ‘आपण कोण’ असे विचारावे आणि पंख्याखाली बसावे. तो तसे करत नाही, कारण त्याने दस्त वाचलेला नसतो. दस्त विकणाऱ्यानेही वाचलेला नसतो. शेवटच्या पानावर मात्र दोघांनी ‘वाचून, समजून, उमजून’ सही केलेली असते. दस्त पहिल्यांदा वाचतो तो बँकेचा वकील, कर्ज मागितल्यावर. तोवर बारा-तेरा वर्षे उलटलेली असतात.

अशा चुकीने मालकी लगेच बुडत नाही, हे खरे. वर्णनाचे भाग एकमेकांशी भांडत असतील, तर न्यायालय दस्त अखंड वाचते. नगर भूमापन क्रमांक बरोबर आहे का, ताबा कोणाचा आहे, नकाशा काय दाखवतो, हे पाहिले जाते. क्षेत्राचा आकडा आणि ठाम सीमा यांचे जमत नसेल, तर सहसा सीमेला वजन मिळते. पण कर्ज देणाऱ्याला न्यायालयात जाण्याची हौस नसते. त्याला दुरुस्ती पत्र हवे असते.

ते एकट्या खरेदीदाराने करून चालत नाही. मूळ दस्ताच्या दोन्ही बाजूंनी त्यावर सही करायची असते आणि खरी यात्रा इथून सुरू होते. विक्रेता दरम्यान वारलेला असेल तर त्याचे सगळे वारस लागतात. समजा पत्नी, दोन मुलगे आणि पुण्याला दिलेली मुलगी. एका सहीच्या चार झाल्या. मुलीला येणे जमणार नसेल तर तिचे मुखत्यारपत्र. थोरल्या मुलाला एवढ्यात उमगलेले असते की ‘वडिलांनी घर स्वस्तात दिले’, त्यामुळे सहीचा भाव बाजारभावाने ठरतो. चूक टंकणाऱ्याची, पण विनवण्या, रजा, प्रवास आणि खर्च घेणाऱ्याचा. टंकणाऱ्याला काय? त्याला दुसऱ्या दस्ताची मजुरी मिळते. गवंड्याने दार भिंतीच्या चुकीच्या बाजूला काढले तर लोक त्याला उरलेले पैसे देत नाहीत. इथे चार शब्द उलटे बसवणाऱ्यालाच ते सुलटे करायची बिदागी रोख मोजावी लागते. आणि तो पावती देत नाही ती नाहीच.

मजकुरात मूळ दस्ताचा क्रमांक, तारीख आणि नोंदणी कार्यालय द्यावे लागते. मग चुकलेले वाक्य जसेच्या तसे, त्याखाली दुरुस्त वाक्य, आणि बाकीचा दस्त कायम असल्याचे कलम. सोबत मालमत्ता पत्रक आणि मोजणी नकाशा जोडला की दिशांबद्दल वाद उरत नाही. सह्या झाल्यावर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला द्यायचा. हा मजकूरही कुठल्या तरी जुन्या फाइलवरूनच उतरतो, तेव्हा सही करण्यापूर्वी घरासमोर उभे राहून, सूर्य कुठून उगवतो ते पाहून, चारही सीमा बोट ठेवून वाचाव्यात. दुरुस्ती पत्राचे दुरुस्ती पत्र करायला कायद्याची ना नाही.

मुद्रांक नाममात्र असतो. शंभर रुपयांचा कागद ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा झाला, एवढाच बदल. पण क्षेत्र वाढत असेल तर हिशेब वेगळा. खरेदीखतात 84.6 चौरस मीटर आणि पत्रकावर 94.6 असेल, तर वाढीव दहा चौरस मीटर म्हणजे नवी विक्री समजून त्यावर चालू दराने मुद्रांक मागितला जाऊ शकतो. घर तेच, भिंती त्याच, आधीपासून पत्रक तेच, असे म्हणणे असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी जावे. क्षेत्र घटले तर भरलेला मुद्रांक परत येईल या आशेवर राहू नये. ‘चौ. मी.’च्या जागी ‘चौ. फूट’ पडले असेल तर तेच घर आठ चौरस मीटरचेही भरत नाही. पण ती चूक पत्रक समोर ठेवताच उघडी पडते.

नावात काना-मात्रा, आडनाव, वडिलांचे नाव सुधारता येते. माणूस बदलता येत नाही. भावाच्या जागी भाऊ घालणे ही दुरुस्ती नसून नवे हस्तांतरण आहे आणि त्याला पूर्ण मुद्रांक लागतो. 2011 च्या दस्तात शहराचे नाव औरंगाबाद आहे, ही चूक नव्हे. शहराचे नाव 2023 मध्ये बदलले. औरंगपुरा औरंगपुराच राहिला, त्यामुळे तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

वारसांनी सहीला साफ नकार दिला तर 1963 च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम 26 खाली दिवाणी दावा उरतो. चूक दोन्ही बाजूंची होती किंवा फसवणूक होती, हे सिद्ध करावे लागते. दाव्याची मुदत तीन वर्षे असते, आणि ती केव्हा सुरू झाली यावरच वाद होतो, म्हणून चूक दिसल्यावर स्वस्थ बसू नये. मधल्या काळात कोणी त्रयस्थाने प्रामाणिकपणे, मोबदला देऊन हक्क घेतला असेल तर दुरुस्ती त्याला धक्का लावत नाही.

दुरुस्ती पत्र नोंदले गेले की त्याची स्वतंत्र सूची दोन निघते. तिची प्रत मूळ खरेदीखताला जोडून ठेवावी, बँकेला दोन्ही द्यावेत, आणि नाव किंवा क्षेत्र बदलले असेल तर नगर भूमापन कार्यालयात फेरफाराचा अर्ज करावा; तो आपोआप होत नाही. पुढे घर विकताना नव्या खरेदीखतात दोन्ही दस्तांचे क्रमांक लिहावे लागतात आणि चतुःसीमा दुसऱ्या दस्तातून घ्यावी लागते. तेवढ्यापुरते दस्तलेखकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसावे.