पत्रक उलटे ठेवा

सोमवारी सकाळी वृत्तपत्राच्या कचेरीत प्रसिद्धिपत्रकांचा ढीग पडलेला असतो. रविवारी कुठे ना कुठे शिबिर झालेले असते. गावे वेगळी, मंडळे वेगळी, वाक्ये तीच. हा नमुना पाहा.

‘ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्याची काळजी घेण्याच्या उदात्त हेतूने प्रभागातील शाळेत आयोजित मोफत नेत्रतपासणी शिबिर रविवारी मोठ्या उत्साहात संपन्न झाले. मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन करून शिबिराचा शुभारंभ करण्यात आला. २१२ नागरिकांनी शिबिराचा लाभ घेतला. त्यापैकी ३८ जणांमध्ये मोतीबिंदूची लक्षणे आढळून आली असून त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया करण्यात येणार आहे. शिबिरास उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.’

नव्या उपसंपादकाला बजावलेले असते, की पत्रक जसेच्या तसे छापायचे नाही. तो कामाला लागतो. ‘संपन्न झाले’चे ‘पार पडले’ करतो. ‘शुभारंभा’चे ‘उद्घाटन’ करतो. ‘उत्स्फूर्त’ खोडून ‘मोठा’ लिहितो.

झाली बातमी?

नाही. समई अजून दुसऱ्या वाक्यात तेवते आहे आणि ज्यांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे ते ३८ जण चौथ्या वाक्यात उभे आहेत. शब्द बदलले, रांग तीच राहिली.

यात त्याच्या शब्दसंग्रहाचा दोष नाही. पत्रक डोळ्यांसमोर असले की हात त्याच रुळावरून धावतो. म्हणून पत्रक समोरून हटवायचे. पण त्याआधी त्यातला माल उतरवून घ्यायचा.

कोऱ्या कागदावर एका ओळीत एकच गोष्ट लिहा. पूर्ण वाक्य नको, विशेषण नको. घडलेली गोष्ट असेल तर नुसती लिहा, कोणाचे म्हणणे असेल तर पुढे ‘दावा’ लिहा आणि तो कोणाचा तेही लिहा. वरच्या पत्रकाची यादी अशी होते:

१. रविवार, प्रभागातली शाळा, डोळे तपासले, पैसे घेतले नाहीत.
२. आकडा २१२. नावे नोंदवलेले की तपासलेले?
३. ३८ जणांत मोतीबिंदूची लक्षणे. पक्के निदान नाही.
४. ऑपरेशन फुकट. दावा, आयोजकांचा. कोण करणार? कुठे? कधी?
५. गर्दी बरीच. दावा, आयोजकांचा. आधार फक्त २१२चा.
६. समई लावली.

एवढेच. बाकी सारी शोभा.

आता चौथी ओळ पुन्हा वाचा. पत्रकात ‘शस्त्रक्रिया करण्यात येणार आहे’ हे वाक्य किती भरभक्कम वाटले होते! यादीत आल्याबरोबर त्याला कर्ताच नाही हे दिसले. ‘करण्यात आले’, ‘करण्यात येईल’, ‘घेण्यात आला’ हे मराठी पत्रकांचे लाडके प्रयोग. त्यांत काम होते, करणारा सापडत नाही.

‘लाभ घेतला’ही तसाच. लाभ म्हणजे काय? नाव नोंदवले, तपासणी झाली की चष्मा मिळाला? तिन्ही अर्थ एका शब्दात सुखाने नांदतात. यादीत मात्र त्यातला एकच लिहावा लागतो आणि तो कोणता हे आपल्याला ठाऊक नसते.

साचेबंद शब्द कंटाळवाणे असतात हे खरे. पण त्यांचा खरा गुन्हा वेगळा आहे. ते भोके बुजवतात.

म्हणून यादी झाली की लिहायला बसायचे नाही, फोन उचलायचा. प्रश्न दोनच. २१२ हा आकडा कशाचा? ऑपरेशन कुठे आणि कधी? समजा उत्तर आले, की २१२ ही नोंदवहीतली नावे, तपासणी १८४ जणांची झाली आणि रुग्णालय आणि तारीख अजून ठरलेली नाही. आता पत्रक उलटे ठेवा आणि फक्त यादीवरून लिहा.

‘प्रभागातील शाळेत रविवारी झालेल्या मोफत नेत्रतपासणीत ३८ जणांमध्ये मोतीबिंदूची लक्षणे दिसली. त्यांची ऑपरेशने मोफत होतील, असे आयोजकांनी सांगितले. मात्र रुग्णालय आणि तारीख अद्याप ठरलेली नाही. शिबिरासाठी २१२ जणांनी नावे नोंदवली होती. त्यांपैकी १८४ जणांची तपासणी झाली.’

समई कुठे गेली? ती यादीत शेवटी होती, जागा संपली. मुद्दे सुटे झाले की त्यांचा क्रम वाचकाच्या गरजेने लागतो, मंचावरच्या खुर्च्यांच्या क्रमाने नाही.

ही युक्ती जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता, तेव्हा त्याच्या हाती ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकाचा एक खंड लागला. तो त्यातल्या लेखाच्या प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्यात टिपून ठेवी, काही दिवस जाऊ देई आणि पुस्तक न बघता तोच लेख नव्याने लिही. मग मूळ लेखाशी ताडून चुका दुरुस्त करी. कधी कधी टिपणांची मुद्दाम सरमिसळ करून ठेवी, म्हणजे क्रम स्वतःला लावावा लागे. हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

त्याला मूळ शैलीच्या जवळ जायचे होते. आपल्याला तिच्यापासून दूर जायचे आहे. रस्ता तोच.

घसरायच्या जागाही ठरलेल्या. पहिली जागा यादीच. घाईत माणूस यादीतच ‘उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला’ असे उतरवतो. मग पत्रक उलटे ठेवून काय उपयोग? साचा यादीतून पुन्हा बातमीत येतो. यादी शेजाऱ्याला सांगावे अशा बोलीत लिहा. शेजाऱ्याला कोणी ‘शस्त्रक्रिया करण्यात येणार आहे’ म्हणत नाही.

दुसरी जागा जास्त घातक. यादीत ‘दावा’ असलेली ओळ लिहिताना गुपचूप घटना होते. ‘मोफत होतील, असे आयोजकांनी सांगितले’ याचे ‘मोफत होतील’ होते. ‘लक्षणे दिसली’चे ‘मोतीबिंदू झाला’ होते. वाक्य सुटसुटीत झाले, पण खोटे झाले.

म्हणून शेवटी पत्रक पुन्हा सुलटे करायचे. एकेक आकडा, एकेक नाव, एकेक ‘दावा’ बोट ठेवून जुळवायचा. पत्रकात नाही आणि फोनवरही कळले नाही, असे काही बातमीत आले असेल तर ते काढायचे. मग उलटी तपासणी. नावे आणि ‘मोतीबिंदूची लक्षणे’ यांसारख्या नेमक्या संज्ञा सोडून सलग तीन-चार शब्द पत्रकातलेच दिसले, की ते वाक्य यादीवरून आलेले नाही. पुन्हा लिहायचे.

आणि जिथे शब्दच महत्त्वाचा, तिथे ही कात्री चालवायची नाही. न्यायालयाचा आदेश, कायद्याचे कलम, औषधाची मात्रा, कोणाचे अवतरणातले बोलणे. ते यादीतही जसेच्या तसे आणि बातमीतही जसेच्या तसे.

वेळ कुणाला आहे, असे विचारणारे भेटतात. सहा ओळींची यादी करायला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत कळते, की ३८ माणसांना ऑपरेशनची तारीख कोणी दिलेलीच नाही.

तीच बातमी होती.