पत्रिकेत नसलेली मिनिटं

३१ मेला कोल्हापुरात फेटा बांधणारा माणूस मिळवून दाखवा. आमच्या पिढीला शाळेत घालताना वडिलांना पोराची जन्मतारीख आठवायची नाही आणि गुरुजी सरसकट १ जून लिहून मोकळे व्हायचे. सरकारी कारकुनाला ५८ पूर्ण झाली की त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, पण जन्म एक तारखेचा असला तर आदल्या महिन्याच्या अखेरीसच. त्यामुळं गुरुजींनी पन्नासेक वर्षांपूर्वी ओढलेल्या एका फराट्यानं निम्मा जिल्हा एकाच संध्याकाळी शाल-श्रीफळ घेतो. त्या संध्याकाळी सभागृह, मंडपवाला, आचारी आणि सूत्रसंचालक यांचा दुष्काळ असतो. मी यातला शेवटचा.

एका कार्यालयातले हेडक्लार्क आण्णा निवृत्त होणार होते. त्यांच्या साहेबांनी शिपायाकडून कार्यक्रमपत्रिका पाठवली. एक पानभर, १४ बाबी, सुरुवात ५ वाजता, ७.३० ला स्नेहभोजन.

"सर, फकस्त वाचायचं हाय," शिपाई म्हणाला. "त्यात काय अवघड?"

अवघड हे, की पत्रिकेत बाबी असतात, पण दोन बाबींच्या मधलं काहीच नसतं. १४ बाबींच्या मध्ये १३ फटी. नाव पुकारल्यावर माणूस खुर्चीतून उठतो, शेजाऱ्याला पिशवी सांभाळायला देतो, पायऱ्या चढतो, माइक खाली-वर करतो आणि मग "व्यासपीठावरील मान्यवर" म्हणतो. माझ्या घड्याळात याला दीड मिनिट लागतं. १३ फटींची साडेएकोणीस मिनिटं झाली, म्हणजे स्नेहभोजन कागदावरच ७.५० ला गेलं. म्हणून मी पत्रिका वाचत नाही, तिची संहिता लिहितो. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं मी काय बोलायचं, उजवीकडं तेवढ्यात कोणी काय करायचं.

पत्रिकेत पहिली बाब होती, 'दीपप्रज्वलन, ५ मिनिटे'. माझ्या वहीत तिचं असं झालं:

डावीकडं: "समईच्या पाच वाती उजळण्यासाठी मी मान्यवरांना विनंती करतो." (१० सेकंद. इथं थांबायचं.)

उजवीकडं: समईवरचा पंखा आधीच बंद. वाती तेलात भिजलेल्या. मेणबत्ती पेटवून शिपायाच्या हातात, काडेपेटी दुसऱ्या खिशात. चपला काढायला पायरीजवळ सतरंजी.

डावीकडं: पाचवी वात लागेपर्यंत आण्णांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची हकिकत. (लांबवता येते, कुठंही तोडता येते.)

शेवटचा कंस महत्त्वाचा. निवेदकाच्या झोळीत कुठंही तोडता येणारी वाक्यं लागतात. चारोळी तोडता येत नाही. तिसऱ्या ओळीवर पाहुणे खाली उतरले की चौथी ओळ म्हणणारा माणूस येडबंबू दिसतो.

सत्काराची गंमत आणखी वेगळी. पत्रिकेत लिहिलं होतं, 'विविध संस्थांतर्फे सत्कार, १० मिनिटे'. यादीत संस्था २२. एका सत्काराला ४५ सेकंद धरली तरी साडेसोळा मिनिटं होतात, आणि ४५ सेकंद हा आशावाद आहे, कारण खरा दिग्दर्शक फोटोग्राफर असतो. तो "इकडं बघा सर" म्हणत नाही तोवर हार गळ्यात पडत नाही, अर्ध्या वाटेवर लोंबकळत राहतो. मी २२ संस्थांचे पाच गट पाडले. पहिला गट व्यासपीठावर असताना दुसरा डाव्या पायरीशी उभा, उतरायचं उजवीकडून. गटाला दीड मिनिट, सगळे मिळून साडेसात.

त्यातही वस्तूंचा क्रम चुकला की गाडी अडते. फेटा ४.३० लाच बांधून घ्यायचा, व्यासपीठावर नाही, कारण फेटा बांधताना सत्कारमूर्ती पाच मिनिटं न्हाव्यापुढं बसल्यासारखा दिसतो. मग हार, मग शाल, मग श्रीफळ. आणि इथं उजव्या रकान्यात लाल शाईनं: 'श्रीफळ काढून घ्यायला माणूस.' कारण पुढं मानपत्र येतं, त्याची चौकट दोन हातांनी धरावी लागते, आणि नारळ काखेत धरून मानपत्र घेणारा माणूस कितीही ज्येष्ठ असला तरी बाजारातून आल्यासारखाच दिसतो.

प्रत्यक्ष दिवशी मुख्य पाहुणे ५ वाजता नव्हतेच. संहितेत याची सोय होती. ज्याला पाहुणे लागत नाहीत ते सगळं आधी घ्यायचं: स्वागतगीत, प्रास्ताविक, तीन सहकाऱ्यांची मनोगतं. समई थांबली. पाहुणे ५.४० ला आले तेव्हा तिसऱ्या सहकाऱ्याचं भाषण रंगात आलं होतं, तरी मी टाळ्या सुरू केल्या. टाळ्यांपुढं वक्ता टिकत नाही.

पाहुण्यांना दहा मिनिटं दिली होती. चौदाव्या मिनिटाला चिठ्ठी दिली, ती त्यांनी न वाचता खिशात ठेवली. अठराव्याला पाण्याचा ग्लास पाठवला, ते पाणी पिऊन ताजेतवाने झाले. बाविसाव्याला मी माइकपासून दोन हातांवर जाऊन उभा राहिलो, हा शेवटचा उपाय. तेवढ्यात वळवाचा पाऊस कोसळला, लाइट गेली आणि माइक बंद पडला. संहितेत मी लिहिलं होतं, 'लाइट गेल्यास जनरेटर सुरू होईपर्यंत निवेदकानं मोठ्यानं बोलावं.' मी अजिबात बोललो नाही. लाइट आली तेव्हा पाहुणे बसलेले होते.

एक बदल मी साहेबांशी भांडून केला होता. पत्रिकेत आण्णांचं मनोगत अकरावं आणि अध्यक्षीय भाषण तेरावं होतं. अध्यक्ष शेवटी बोलतात हा रिवाज. पण तोवर जेवणाचा वास येतो, मागच्या रांगा ताटांकडं सरकतात आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याच्या वाट्याला घाई येते. मी अध्यक्षांना आधी घेतलं, आण्णांना शेवटी ठेवलं आणि त्यांच्यापुढं आठ मिनिटं लिहून भोवती चौकोन काढला. त्या चौकोनाला कुणी हात लावायचा नाही. सगळी संध्याकाळ मी इकडची अर्धी, तिकडची पाव मिनिटं कापली ती याच चौकोनासाठी.

७.२२ ला मी आण्णांना बोलावलं. संहितेत इथं माझं फक्त एक वाक्य होतं. आण्णा उठले, फेटा सावरला, माइक वर-खाली केला नाही. म्हणाले, "पस्तीस वर्षं हितं दुसऱ्यांच्या फाइली लावल्या. एकबी हरवली न्हाई. वहिनीसाहेबांनी," त्यांनी साहेबांच्या पत्नीकडं हात जोडले, "आणि आमच्या हिनं चहा भरपूर पाजला. पाऊस आलाय, आचारी खोळंबलाय, जेवून घ्या." आणि बसले.

एक मिनिट चाळीस सेकंद. चौकोनात सहा मिनिटं वीस सेकंद शिल्लक, आणि माझ्याकडं तिथं एकही वाक्य नाही. सभागृहही गप्प. शेवटी शिपायानंच टाळ्या वाजवल्या. लाल शाईतला, नारळ काढून घेणारा माणूस तोच.

आभार पाच मिनिटांत उरकले. पहिलं ताट बरोबर ७.३० ला वाढलं गेलं. साहेबांनी खिशातून घडी केलेली पत्रिका काढली, घड्याळाशी ताडून पाहिली आणि मला म्हणाले, "बघा सर, उगंच रेघा मारत बसलासा. पत्रिका बरोबरच होती की."